केस रंगवण्याआधी केशरचनाकाराला पत्र: जुन्या त्रासाबद्दल काय लिहावे आणि कसे

प्रश्न: माझ्या डोक्याची त्वचा पहिल्यापासून नाजूक आहे. दीड वर्षापूर्वी केस रंगवले तेव्हा दुसऱ्या दिवसापासून कानांमागे प्रचंड खाज सुटली आणि तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. आठवडाभर त्रास झाला. आता एका नव्या सलूनमध्ये साधारण तीन आठवड्यांनंतरची वेळ घेतली आहे. तिथल्या केशरचनाकाराला आधीच पत्र लिहून सगळे कळवावे असे वाटते, पण काय लिहायचे आणि किती, ते समजत नाही. एखादा नमुना मिळेल का?

उत्तर: नमुना पुढे देते, पण त्याआधी एका गोष्टीचा उलगडा व्हायला हवा, नाहीतर पत्र कितीही नेटके लिहिले तरी वाचणाऱ्याच्या हातून चुकीची काळजी घेतली जाईल. तुम्ही एकाच दमात ज्या दोन तक्रारी सांगितल्या आहेत, त्या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस रंगवण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे आणि अशा चिठ्ठ्या, निरोप, पत्रे मला नेहमी येतात. त्यांतल्या बहुतेकांमध्ये नाजूक त्वचा आणि जुना त्रास हे एकमेकांत मिसळलेले असते. वाचणाऱ्याला मात्र ते वेगळे काढावे लागते, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे चुरचुर. रंग डोक्यावर असतानाच आग होते, त्वचा लाल होते आणि रंग धुतल्यावर ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत शमते. याला कारण असते रंगातला अमोनिया किंवा तत्सम अल्कली, रंगात मिसळायच्या द्रवातले, म्हणजे डेव्हलपरमधले, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्वचेची त्या दिवशीची अवस्था. डेव्हलपर ३, ६, ९ आणि १२ टक्के अशा तीव्रतेत मिळतो. तीव्रता वाढली, वेळ वाढला किंवा डोके आदल्या रात्री खसखसून धुतलेले असले की चुरचुर वाढते. इथे केशरचनाकाराच्या हातात बरेच काही असते. सौम्य डेव्हलपर घेता येतो, रंग मुळांपासून थोडा दूर ठेवता येतो, वेळ कमी करता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲलर्जी. ती बहुतेक वेळा रंग लावताना जाणवतच नाही. शरीराची प्रतिकारशक्ती रंगातला एखादा घटक ओळखते आणि तिचा प्रतिसाद साधारण एक ते तीन दिवसांनी त्वचेवर दिसू लागतो. कायमस्वरूपी गडद रंगांत यासाठी सर्वाधिक कारणीभूत ठरणारा घटक म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिन, ज्याला आम्ही सगळे पीपीडी म्हणतो. त्याचा जवळचा नातलग टोल्युइनडायअमिन हाही तसाच. डोक्याची त्वचा जाड असल्यामुळे तिथे अनेकदा फारसे काही दिसत नाही. त्रास दिसतो तो पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर व कानांमागे, कपाळावर केसांच्या कडेने आणि मानेवर, म्हणजे धुताना रंगाचे पाणी जिथून ओघळते तिथे आणि जिथली त्वचा पातळ आहे तिथे. “डोक्याला काहीच झाले नव्हते, म्हणून रंगाचा संबंध नसेल” असे म्हणणारे ग्राहक मला वरचेवर भेटतात, आणि नेमका हाच समज त्यांना पुन्हा त्याच रंगाकडे नेतो.

तुमचे वर्णन, म्हणजे दुसऱ्या दिवशीची खाज, तिसऱ्या दिवशीची पापण्यांची सूज आणि आठवडाभराचा कालावधी, दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवते. निदान करणे माझे काम नाही. ते त्वचारोगतज्ज्ञच करू शकतात. पण माझ्या टेबलावर असे वर्णन आले तर मी ते ॲलर्जी समजूनच पुढे जाते, कारण इथे डेव्हलपर सौम्य करून, वेळ कमी करून किंवा कडेला क्रीम लावून काही साधत नाही. तो घटक रंगात असेल तर थोड्या प्रमाणातही प्रतिक्रिया येऊ शकते, आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी साधारणपणे जन्मभर राहते. पुढच्या वेळचा त्रास आधीपेक्षा लवकर आणि जास्त होण्याची शक्यता असते.

म्हणून पत्राची सुरुवात “माझी त्वचा नाजूक आहे” या वाक्याने करू नका. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी व्यक्ती तसे म्हणतात, आणि ते वाचताच मनात आपोआप पहिल्या प्रकारचे उपाय येतात. पुढे पापण्यांची गोष्ट आली तरी ती तोवर त्याच चौकटीत बसवली गेलेली असते. जुनी प्रतिक्रिया आधी, तारखेच्या आणि तासांच्या क्रमाने लिहा. नाजूकपणा नंतर, दोन वाक्यांत.

पत्र पाठवण्याआधी एक काम करा आणि ते तीन आठवड्यांत होण्यासारखे आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी वेळ घ्या. या तपासणीत संशयित घटकांच्या अगदी लहान मात्रा पाठीवर पट्ट्यांखाली लावतात, ४८ तासांनी पट्ट्या काढून पाहतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा एकदा पाहतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. म्हणजे एका आठवड्यात साधारण तीन फेऱ्या होतात. पाठीवर पुरळ असेल, तिथे स्टिरॉइडचे मलम लावत असाल किंवा पोटातून स्टिरॉइड घेत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्यामुळे निकाल बिघडू शकतो. तीन आठवड्यांत वेळ मिळेल की नाही हे तुम्ही राहता तिथल्या सोयींवर अवलंबून आहे. नाही मिळाली तर सलूनची तारीख पुढे ढकला, तपासणी गाळू नका.

इथे एक खबरदारी आवर्जून सांगते. रंगाच्या खोक्यावर ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून पाहण्याची सूचना असते. ज्यांना कधीच त्रास झालेला नाही त्यांच्यासाठी ती योग्य आहे. पण तुमच्यासारखी प्रतिक्रिया एकदा येऊन गेली असेल तर घरी किंवा सलूनमध्ये ही चाचणी करू नका. ज्या घटकाचा संशय आहे तोच, किती मात्रेत ते न मोजता, त्वचेवर ठेवल्यासारखे ते होईल. बहुतेक खोक्यांवर याच सूचनेशेजारी लिहिलेलेही असते की पूर्वी प्रतिक्रिया आली असल्यास हे उत्पादन वापरू नये.

आता माहिती जमवण्याबद्दल. जुन्या सलूनला विचारून त्या दिवशी वापरलेल्या रंगाचे नाव, छटेचा क्रमांक आणि डेव्हलपरची तीव्रता मिळवण्याचा प्रयत्न करा. नियमित रंगकाम करणारी बरीच सलूने ग्राहकाची नोंद ठेवतात. सूज आलेली असताना फोनवर काढलेले छायाचित्र असेल तर ते शोधा, कारण छायाचित्राबरोबर तारीख असते आणि दीड वर्षानंतर आपली आठवण दुसरा दिवस आणि तिसरा दिवस यांत सहज गोंधळ करते. कधी काळ्या रंगाचा तात्पुरता टॅटू काढून घेतला होता का, तेही आठवा. तथाकथित काळ्या मेंदीत पीपीडी बऱ्याच जास्त प्रमाणात मिसळलेले आढळते आणि अनेकांची ॲलर्जी तिथूनच सुरू झालेली असते. जे माहीत नाही ते पत्रात “माहीत नाही” असेच लिहा. अंदाजाने लिहिलेले नाव वाचणाऱ्याला चुकीच्या दिशेने नेते.

पत्र असे लिहिता येईल. तारखा आणि बारीक तपशील मी उदाहरणादाखल घातले आहेत. त्या जागी तुमचे खरे तपशील घाला.

“सप्रेम नमस्कार,

येत्या २४ तारखेला सकाळी ११ वाजता केस रंगवण्यासाठी मी आपली वेळ घेतली आहे. पूर्वी केसांच्या रंगामुळे मला त्रास झालेला असल्याने आपण कोणता रंग वापरावा, किंवा वापरावा की नाही, हे ठरवण्यापूर्वी पुढील माहिती आपल्याकडे असावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुमारे दीड वर्षापूर्वी दुसऱ्या सलूनमध्ये मुळांपासून टोकांपर्यंत कायमस्वरूपी गडद तपकिरी रंग लावून घेतला होता. रंग लावलेला असताना किंचित चुरचुरले, ते धुतल्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानांमागे आणि मानेवर तीव्र खाज सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पापण्या सुजल्या होत्या व डावा डोळा पूर्ण उघडत नव्हता. कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुरळ उठले होते आणि त्यातून पाणी सुटत होते. श्वास घेण्यास त्रास झाला नाही, ओठ किंवा जीभ सुजली नाही. डॉक्टरांच्या औषधाने आठवडाभरात बरे वाटले. त्या दिवसांतले एक छायाचित्र सोबत जोडले आहे.

त्यापूर्वी काही वर्षे मी त्रास न होता केस रंगवत होते. त्यानंतर आजपर्यंत एकदाही रंगवलेले नाहीत. त्या वेळी वापरलेल्या रंगाचे नाव मला माहीत नाही. जुन्या सलूनकडे विचारणा केली असून उत्तर आल्यास कळवीन.

त्वचारोगतज्ज्ञांकडे माझी पॅच टेस्ट १० तारखेला सुरू होत आहे व शेवटची नोंद १४ तारखेला होईल. अहवालाची प्रत मी आपल्याला पाठवीन. तोपर्यंत माझ्या त्वचेवर, चाचणी म्हणूनसुद्धा, कोणताही रंग लावू नये अशी विनंती आहे.

याशिवाय माझ्या डोक्याची त्वचा एरवीही कोरडी असून काही शाम्पूंनी चुरचुरते. सध्या जखम, ओरखडा किंवा पुरळ नाही.

आपण वापरण्याचा विचार करत असलेला रंग, डेव्हलपर आणि टोनर यांची पूर्ण नावे व त्यांच्या खोक्यांवरील घटकांच्या यादीचे छायाचित्र ८ तारखेपर्यंत पाठवू शकाल का? ती यादी मी डॉक्टरांना दाखवणार आहे. अहवालानुसार रंगवणे योग्य नाही असे ठरल्यास २४ तारखेची वेळ केवळ केस कापण्यासाठी ठेवावी. आपल्याला हे काम घेणे योग्य वाटत नसेल तर तसे निःसंकोच कळवावे.

कळावे,
आपली नम्र”

पत्र इतकेच पुरे. एका पानापेक्षा जास्त झाले तर ते कामाच्या गडबडीत अर्धेच वाचले जाते. त्यातली काही वाक्ये मी मुद्दाम घातली आहेत, त्यांची कारणे सांगते.

श्वास आणि ओठांबद्दलचे वाक्य घडले नाही ते सांगते, तरीही ते ठेवा. काही मिनिटांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे ही तत्काळ प्रकारची प्रतिक्रिया असते. ती विरळ आहे, पण जिवावर बेतू शकते. ब्लीचच्या पावडरीतल्या परसल्फेट क्षारांमुळेही ती येऊ शकते. तुमच्या बाबतीत तसे झाले नव्हते हे लिहिलेले असले की वाचणाऱ्याला ते विचारावे लागत नाही. आणि तसे झाले असते, तर मी पत्राऐवजी थेट डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले असते.

“त्यापूर्वी काही वर्षे त्रास झाला नव्हता” हे वाक्य काही जण वगळतात, कारण त्याने आपलीच बाजू कमकुवत होईल असे त्यांना वाटते. उलट अनुभवी कलरिस्टला ते वाक्य ॲलर्जीकडेच नेते. शरीर एखाद्या घटकाला ओळखायला शिकते ते वारंवार संपर्कातूनच, त्यामुळे अनेक वर्षे निर्वेध वापरलेला रंग एके दिवशी अचानक त्रास देतो.

सर्वांत महत्त्वाची विनंती घटकांच्या यादीची आहे. “अमोनिया नसलेला, सौम्य रंग वापरा” असे पत्रात लिहू नका. अमोनियाचे काम केसाचे बाहेरचे आवरण उघडण्याचे असते. तो काढून त्या जागी दुसरा अल्कली घातला की वास आणि काही जणांची चुरचुर कमी होते, पण रंग घडवणारे पीपीडी किंवा टोल्युइनडायअमिन आत तसेच असू शकते. “हर्बल” आणि “नैसर्गिक” या शब्दांचेही तसेच. मेंदीच्या पानांचा स्वतःचा रंग नारिंगी-तांबूस असतो. मेंदी म्हणून विकलेली पूड थोड्या वेळात केस काळे करत असेल तर त्यात दुसरे काहीतरी आहे.

माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका बाईंचे उदाहरण देते. त्यांनाही रंगवल्यानंतर तिसऱ्या दिवशी पापण्यांचा त्रास झाला होता. कोणीतरी सुचवले म्हणून त्या स्वतःच एक खोके घेऊन आल्या, ज्यावर ठळक अक्षरांत “पीपीडीविरहित” लिहिले होते. खोके उलटून मागची यादी वाचली तर मधल्या एका ओळीत टोल्युइनडायअमिन सल्फेट होते. खोक्यावरचा दावा शब्दशः खरा होता, पण पीपीडीची ॲलर्जी असलेल्या अनेकांना टोल्युइनडायअमिनचाही त्रास होतो. मी ते खोके न फोडता त्यांना परत दिले आणि यादीचे छायाचित्र डॉक्टरांना दाखवायला सांगितले. तपासणीत त्यांना दोन्ही घटकांची प्रतिक्रिया आली. तेव्हापासून कोणाच्याही सांगण्यापेक्षा मी ती मागची बारीक अक्षरांतली यादी मागते, आणि तुम्हीही तीच मागावी असे मला मनापासून वाटते.

यादीत टोनर मुद्दाम धरला आहे. पुष्कळदा ॲलर्जी सांगितल्यावर मुळांना न लावता फॉइलमध्ये हायलाइट करण्याचा पर्याय सुचवला जातो. तो वाईट नाही, कारण ब्लीचमध्ये पीपीडी नसते आणि फॉइलमध्ये ते त्वचेला फारसे लागत नाही. पण शेवटी बेसिनपाशी पिवळेपणा घालवायला जो टोनर लावतात, तो बऱ्याचदा ऑक्सिडेशनने, म्हणजे डेव्हलपरमध्ये मिसळल्यावर, काम करणारा रंगच असतो, आणि तो धुताना सगळ्या डोक्यावरून ओघळतो. डेमी-पर्मनंट, म्हणजे हळूहळू फिक्या पडत जाणाऱ्या रंगांचेही असेच आहे. ते सौम्य मानले जातात, पण त्यांत हेच घटक असू शकतात.

पत्राला येणाऱ्या उत्तरावरून पुष्कळ कळते. यादी पाठवणारे, एखादा प्रश्न विचारणारे किंवा “अहवाल आल्याशिवाय मी रंग लावणार नाही” असे सांगणारे उत्तर चांगले. “आमचा रंग अगदी सौम्य आहे, आजवर कोणाला काही झाले नाही” हे उत्तर पुरेसे नाही. “आल्यावर कानामागे पंधरा मिनिटे लावून बघू” असे उत्तर आले तर त्या सलूनमध्ये रंगवू नका. पंधरा मिनिटांत चुरचुर कळेल, पण दोन दिवसांनी उमटणारी प्रतिक्रिया कळणार नाही, आणि तुमच्या बाबतीत प्रश्न त्याच प्रतिक्रियेचा आहे.

अहवालानंतर काय, हे त्यात काय येते त्यावर ठरेल. पीपीडी किंवा तत्सम घटकांची ॲलर्जी निघाली तर ऑक्सिडेशनचे सगळे रंग, मग ते पर्मनंट असोत वा डेमी, माझ्या मते बाजूला ठेवावेत. अशा ग्राहकांना मी डेव्हलपर न लागणारे, थेट रंगद्रव्याचे सेमी-पर्मनंट रंग सुचवते, तेही यादी डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्यावर. त्यांच्या मर्यादा आधीच माहीत असाव्यात: ते केस उजळ करत नाहीत, पांढरे केस पुरते झाकत नाहीत आणि काही धुण्यांत फिके पडतात. शुद्ध मेंदी हा दुसरा मार्ग, पण छटा तांबूस येईल हे मान्य करून. पीपीडीच्या रचनेत बदल करून तयार केलेले, ॲलर्जी जडण्याची शक्यता कमी असलेले काही रंगही आहेत. परंतु ज्यांना ॲलर्जी आधीच आहे त्यांच्यातल्या काहींना त्यांचाही त्रास होतो, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

तपासणीत काहीच निघाले नाही तर आधी डॉक्टरांनाच विचारा की संशय पुरता मिटला का, कारण रंगातला दुसरा एखादा घटक, सुगंध किंवा परिरक्षक, तपासायचा राहिलेला असू शकतो. त्यांनी होकार दिला तर मग पत्रातल्या नाजूकपणाच्या परिच्छेदाला महत्त्व येते. रंगवण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी डोके धुऊ नका, कारण त्वचेवरचे नैसर्गिक तेल थोडे संरक्षण देते. कंगव्याने किंवा नखांनी खाजवू नका. ६ टक्क्यांपेक्षा तीव्र डेव्हलपर मुळांशी लागणार असेल तर त्याची खरोखर गरज आहे का ते विचारा. आग होऊ लागली तर वेळ संपायची वाट न पाहता लगेच सांगा. रंग धुऊन टाकल्याने फार तर छटा थोडी कमी पडेल.

पत्राची छापील प्रत त्या दिवशी बरोबर न्या, कारण पत्र वाचणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष रंग लावणारी व्यक्ती नेहमी एकच असते असे नाही. रंगवून झाल्यावर त्याच प्रतीच्या मागे वापरलेल्या प्रत्येक उत्पादनाचे नाव, छटेचा क्रमांक, डेव्हलपरची टक्केवारी आणि वेळ लिहून घ्या, आणि पुढचे तीन दिवस पापण्या, कान आणि मान यांच्याकडे लक्ष ठेवा. खाज किंवा पुरळ सुरू झाले तर केस भरपूर पाण्याने धुऊन ती प्रत घेऊन डॉक्टरांकडे जा. श्वासाला त्रास झाला, ओठ, जीभ किंवा घसा सुजू लागला तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.